शौचाचा नमुना परत परत द्यावा लागतोय? आधी घड्याळ बघा

ही तक्रार दोन प्रकारे येते. पहिल्यात लॅबच्या खिडकीतूनच डबी परत मिळते, ‘हे चालणार नाही, उद्या नवीन आणा’. दुसरीत डबी घेतली जाते, पैसे भरले जातात, संध्याकाळी रिपोर्ट येतो आणि त्यात काहीच सापडलेलं नसतं. पोटातली मुरड मात्र तशीच असते. मग डॉक्टर पुन्हा तीच तपासणी लिहून देतात, घरून पुन्हा तशीच डबी येते आणि रिपोर्टही तसाच निघतो.

मी लॅबमध्ये मायक्रोस्कोपवर काम करतो, आणि माझ्या मते पहिली तक्रार बरी. डबी परत गेली तर निदान दोष नमुन्यात आहे हे कळतं. दुसऱ्यात खराब नमुन्यावरून निघालेला ‘नॉर्मल’ रिपोर्ट फाइलला लागतो आणि सगळे त्याच्यावर विश्वास ठेवतात.

तेव्हा आधी डॉक्टरांची चिठ्ठी नीट वाचा. ‘शौचाची तपासणी’ असं आपण म्हणतो, पण त्या नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या तपासण्या येतात आणि प्रत्येकीला नमुना वेगळ्या तऱ्हेने लागतो. ‘स्टूल रूटीन’ म्हणजे मायक्रोस्कोपखाली जंतांची अंडी, अमिबा, जिआर्डिया, पू-पेशी, रक्तपेशी बघणं. ‘कल्चर’ म्हणजे जिवाणू वाढवून ओळखणं. ‘ऑकल्ट ब्लड’ म्हणजे डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणं. एकीसाठी फ्रीज योग्य असतो, तर दुसरीसाठी तोच फ्रीज नमुना वाया घालवतो. सगळ्यात जास्त लिहिली जाते ती स्टूल रूटीन, आणि सगळ्यात जास्त फसतेही तीच. म्हणून इथे मुख्यतः तिच्याबद्दल.

सॅम्पल जुनं होणं म्हणजे काय

आव-रक्त पडतं तेव्हा डॉक्टरांना बऱ्याचदा अमिबाचा संशय असतो. अमिबा दोन रूपांत राहतो. एक हलतं-फिरतं, आतड्याला जखमा करणारं रूप, त्याला ट्रॉफोझॉइट म्हणतात. दुसरं जाड कवचातलं, त्याला सिस्ट. पातळ जुलाबात मुख्यतः ट्रॉफोझॉइट असतात, बांधून झालेल्या शौचात सिस्ट. सिस्ट टणक, बाहेर बराच काळ टिकते. ट्रॉफोझॉइटचं तसं नाही. शरीराच्या उबेतून बाहेर पडल्यावर तो थोड्याच वेळात मंदावतो, गोल होतो आणि फुटतो. शौच बाहेर पडल्यावर त्याची सिस्टही बनत नाही, म्हणजे नंतर दुसऱ्या रूपात तरी सापडेल ही आशाही नको.

जिवंत ट्रॉफोझॉइट ओळखणं सोपं असतं. तो बोटासारखा भाग एका दिशेने पुढे ढकलतो आणि उरलेलं शरीर मागून ओढून घेतो. आजार करणाऱ्या जातीच्या पोटात गिळलेल्या तांबड्या पेशीही दिसतात. मेलेला, गोल झालेला ट्रॉफोझॉइट मात्र पू-पेशींच्या गर्दीत त्यांच्यासारखाच दिसतो. तपासणारा कितीही अनुभवी असला तरी त्याला खात्रीने ‘हा अमिबा’ म्हणता येत नाही, आणि खात्री नसताना लिहायचं नसतं.

म्हणून नियम असा: पाण्यासारखा जुलाब असेल तर शौच झाल्यापासून अर्ध्या तासात नमुना काचेखाली यायला हवा. मऊ, अर्धवट बांधलेला असेल तर तासाभरात. घट्ट बांधलेल्या शौचाला घाई नाही, ते त्याच दिवशी पोचवा. अगदीच जमलं नाही तर घट्ट झाकण लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं तरी सिस्ट आणि अंडी तपासता येतात.

नीट बघा, हे अर्धा तास आणि एक तास शौच झाल्यापासूनचे आहेत. आमच्या खिडकीवर नमुना दिल्याची वेळ लिहून घेतात, पण मला हवी असते शौच झाल्याची वेळ. डबीवर नाव, वय आणि तारखेच्या जोडीला ती वेळ स्वतः लिहा, ‘सकाळी ६.१०’ अशी.

एक उदाहरण

बांधकामावर काम करणारे चाळिशीतले एक गृहस्थ. चार दिवस मुरडा, दिवसातून सात-आठ वेळा थोडी-थोडी शी, तीत आव आणि रक्त. डॉक्टरांनी स्टूल रूटीन लिहिली. ते पहाटे साडेपाचला शौचाला गेले. लॅब साडेआठला उघडते म्हणून घरच्यांनी डबी पिशवीत गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवली. दूध-भाजी फ्रीजमध्ये टिकते, तर हेही टिकेल, असा साधा विचार. नऊच्या सुमारास डबी आमच्याकडे आली. वेळेच्या रकान्यात लिहिलं होतं ८.३०.

स्लाइडवर भरपूर तांबड्या पेशी, पू-पेशी, काही गोल, मोठ्या, ओळखू न येणाऱ्या पेशी. हालचाल करणारं काही नाही. रिपोर्टमध्ये रक्त आणि पू-पेशी लिहिल्या, ट्रॉफोझॉइट दिसले नाहीत असंही लिहिलं. नमुना साडेतीन तास जुना होता आणि त्यातला बहुतेक वेळ थंडीत होता, हे आम्हाला नंतर विचारल्यावर कळलं.

डॉक्टरांचं समाधान झालं नाही, आणि ते बरोबरच होतं. औषध सुरू करण्याआधी त्यांनी पुन्हा नमुना मागितला, पण या वेळी पेशंटलाच लॅबमध्ये पाठवलं. ‘डबी घेऊन तिथेच बसा. कळ आली की तिथल्याच संडासात जा.’ दिवसातून सात-आठ वेळा जाणाऱ्या माणसाला वाट बघावी लागत नाही. नमुना हातात आला तेव्हा अजून कोमट होता. त्यातला आव-रक्ताचा भाग काडीने उचलून सलाइनच्या थेंबात मिसळला, वर कव्हर स्लिप ठेवली. दुसऱ्या-तिसऱ्या फील्डमध्येच ट्रॉफोझॉइट सरकताना दिसला, पोटात तांबड्या पेशी घेऊन.

माणूस तोच, आजार तोच, मायक्रोस्कोपही तोच होता. फक्त मधले साडेतीन तास आणि फ्रीज गेला. म्हणून पातळ जुलाब आणि आव असेल तर माझा सल्ला सरळ आहे. घरून डबी आणूच नका, लॅबमध्ये येऊन नमुना द्या. लॅबला संडास आहे का, हे आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्या. तो नसेल तर लॅब उघडल्यानंतरच्या वेळेचा नमुना घ्या. पहिल्या शौचाचाच हवा असं काही नाही. ‘सकाळचं पहिलं’ हा नियम लघवीच्या काही तपासण्यांचा, आणि तो इथे उगाच चिकटवला जातो.

नमुना धरायचा कसा

वेळेनंतरचा मोठा घोटाळा इथे होतो. भारतीय संडास असो की कमोड, भांड्यात पडलेलं शौच चमच्याने उचललं की त्याबरोबर पाणी येतं, लघवी येते आणि भांडं धुण्याच्या द्रावणाचा अंशही येतो. पाण्याने ट्रॉफोझॉइट फुगून फुटतात. लघवीनेही ते मरतात. संडास साफ करायचं ॲसिड किंवा ब्लीच लागलं तर काही उरायचा प्रश्नच नाही. शिवाय साठवलेल्या पाण्यात स्वतंत्र राहणारे सूक्ष्म जीव असतात, ते स्लाइडवर आले की बघणाऱ्याची दिशाभूल होते.

त्यामुळे आधी लघवी करून घ्या. मग शौच कोरड्या वस्तूवर घ्या. भारतीय संडासात खाली कागदी किंवा पत्रावळीसारखी प्लेट ठेवा, नाहीतर घडी केलेलं स्वच्छ वर्तमानपत्र. कमोड असेल तर सीट उचला, भांड्याच्या कडेवर एक मोठी प्लास्टिकची पिशवी फाडून झोळीसारखी सैल पसरा आणि वर सीट पाडा. ताणून बसवली तर वजनाने सुटते, म्हणून सैल. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी बेडपॅन चालतं, पण ते फिनेलने धुतलेलं असेल तर साध्या पाण्याने खळखळून पूर्ण वाळवून घ्या. वृद्ध माणसांना उकिडवं बसून हा उद्योग जमत नाही, तिथे घरातल्या कुणीतरी मदतीला असावं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

डबी मेडिकलमधून किंवा लॅबमधून घ्या. रुंद तोंडाची, फिरवून बंद होणारी, झाकणाला आतून छोटा चमचा असलेली. रूटीनसाठी ती स्वच्छ आणि कोरडी असली की पुरे. कल्चरसाठी मात्र निर्जंतुक हवी, आणि तिचं सील नमुना घेण्याच्या क्षणीच तोडायचं. लोणच्याची बाटली, औषधाची रिकामी डबी, काडेपेटी, प्लास्टिकच्या पिशवीची गाठ हे सगळं मी पाहिलं आहे. बाटलीत तेल-मीठ किंवा साबणाचा अंश राहतो, काडेपेटी ओल शोषून घेते, आणि पिशवी उघडणाऱ्याच्या हाताला जे लागायचं ते लागतं.

किती घ्यायचं? घट्ट असेल तर अंगठ्याच्या पेराएवढं, पातळ असेल तर दोन-तीन चहाचे चमचे. डबी गळ्यापर्यंत भरू नका. आत वायू तयार होतो, उन्हात झाकण सुटतं किंवा उघडताना फसकन बाहेर येतं. अर्ध्याच्या खाली ठेवा. मात्र कुठला भाग घेतला यावर खूप अवलंबून असतं. आव, रक्त, पाण्यासारखा भाग दिसत असेल तर नेमका तोच घ्या. पुष्कळ लोक किळस वाटून तो टाळतात आणि बाजूचा ‘चांगला’ भाग देतात. वेगळं काही दिसत नसेल तर दोन्ही टोकांचं आणि मधलं थोडं-थोडं घ्या. सुतासारखं किंवा चपट्या पट्टीसारखं काही पडलेलं दिसलं तर तेही डबीत टाका. जंत किंवा त्याचा तुकडा हातात असला की ओळख पटवणं सोपं जातं.

फ्रीज कुणासाठी, कुणासाठी नाही

पातळ शौचाची रूटीन असेल तर फ्रीज नको, हे वर आलंच. घट्ट शौच असेल तर फ्रीज चालतो, पण खालच्या खणात, बाहेरून दुसऱ्या घट्ट डब्यात घालून. फ्रीजरमध्ये किंवा बर्फाला चिकटवून कधीच नाही, गोठून वितळताना सगळ्याच पेशी फुटतात. उलट उन्हाळ्यात डबी दिवसभर बाहेर राहिली तर वेगळीच गंमत होते. हुकवर्मची अंडी उबेत एक दिवसात फुटतात आणि अळ्या बाहेर येतात. मग त्या स्ट्राँगिलॉइडिस नावाच्या दुसऱ्याच कृमीच्या अळ्यांसारख्या दिसतात, आणि रिपोर्ट चुकीच्या वाटेला जाऊ शकतो.

कल्चरची गोष्ट निराळी. शौच तसंच ठेवलं की त्यातले नेहमीचे जिवाणू वाढतात, आम्ल तयार होतं आणि आजार करणारा शिगेला त्यात मरतो. शिगेला फार नाजूक आहे. म्हणून दोन तासांत लॅबमध्ये पोचणार असाल तर साधी निर्जंतुक डबी ठीक. नाहीतर लॅबकडून आधीच कॅरी-ब्लेअर माध्यमाची नळी मागून घ्या. पातळ जेलीसारखं हे माध्यम जिवाणूंना वाढू देत नाही, पण जगवून ठेवतं. काडीच्या कापसावर आव-रक्ताचा भाग घ्या, जेलीत खोल खुपसा, काडीचं वरचं टोक मोडून झाकण लावा आणि जास्तीत जास्त एका दिवसात लॅबला द्या. खेड्यातून तालुक्याला किंवा जिल्ह्याला नमुना पाठवायचा असेल तर हीच वाट खरी. अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी हा नमुना घेतलेला असावा. दोन गोळ्या पोटात गेल्यावर कल्चरमधून काही वाढलं नाही, तर त्यावरून फारसं काही सांगता येत नाही.

ऑकल्ट ब्लडबद्दल एवढंच. मूळव्याधीचं रक्त पडत असताना किंवा पाळी चालू असताना नमुना देऊ नका. आहाराचं पथ्य लागतं की नाही हे लॅब कोणती पद्धत वापरते त्यावर ठरतं. जुन्या रासायनिक पद्धतीत मटण आणि क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसाच्या गोळ्या आधी तीन दिवस बंद ठेवाव्या लागतात, नव्या इम्युनोकेमिकल पद्धतीत लागत नाहीत. फोनवर हा एक प्रश्न विचारला की काम झालं.

तान्ह्या बाळाची शी

डायपर घेऊन थेट लॅबमध्ये येणारे पालक नेहमीचे. अडचण अशी की डायपरचं कामच द्रव शोषणं. पातळ भाग आत जातो, वर राहतो तो चोथा. जुलाबानंतर बाळाला दूध पचत नाही अशी शंका असते तेव्हा डॉक्टर शौचातली साखर बघायला सांगतात, रिड्युसिंग शुगर म्हणून. ती साखर नेमकी त्या पाण्यातच असते. शिवाय शौचातले जिवाणू ती खात राहतात, म्हणजे उशीर झाला की असलेली साखरही दिसेनाशी होते. डायपरच्या आत पातळ प्लास्टिकचा कागद घाला, लघवी त्यात येणार नाही इकडे लक्ष ठेवा, आणि शी झाली की पाण्यासारखा भाग चमच्याने डबीत घेऊन लगेच निघा. लॅब तासाभरापेक्षा लांब असेल तर बाळालाच लॅबच्या जवळ न्या.

औषधं आणि प्रवास

जुलाब लागले की घरातली मेट्रोनिडॅझोलची गोळी घेतली जाते, आणि मग तपासणीला येतात. अमिबा त्या गोळीने आधीच पळालेला असतो, आजार मात्र पुरता गेलेला नसतो. अँटिबायोटिकनंतर परजीवी दोन-तीन आठवडे सापडत नाहीत असं होतं. बेरियम देऊन एक्स-रे झाला असेल तर त्याचे कण आठवडाभर किंवा त्याहून जास्त दिवस स्लाइड झाकून टाकतात. एरंडेलासारख्या तेलकट रेचकाचे थेंबही नजर फसवतात, म्हणून नमुन्यासाठी जुलाब काढू नका. चालू औषध स्वतःहून थांबवायचं नाही, पण काय घेतलं आणि कधी घेतलं ते लॅबच्या अर्जावर लिहायचं.

डबी नेताना झाकण घट्ट करा, बाहेरून कोरडी पुसा, झिपच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी कापडी पिशवीत उभी ठेवा. डॉक्टरांची चिठ्ठी त्याच झिपच्या पिशवीत कोंबू नका, गळती झाली की चिठ्ठी वाचण्याच्या लायकीची राहत नाही. मोटरसायकलच्या डिकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर मे महिन्यात डबी ठेवणं म्हणजे ती शिजवणं. हात साबणाने धुवा, डबी भरल्यावर आणि ती दिल्यावरही.

हे सगळं बरोबर करूनही पहिला रिपोर्ट कोरा येऊ शकतो. परजीवी रोज सारख्या संख्येने बाहेर पडत नाहीत, विशेषतः जिआर्डिया. म्हणून डॉक्टर एक दिवसाआड तीन नमुने मागतात, साधारण दहा दिवसांच्या आत. एकाच दिवशी तीन डब्या भरून देणं म्हणजे एकच नमुना तीनदा देणं. तिसराही कोरा आला आणि त्रास चालूच असेल, तर पुढचा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा: हाच नमुना अँटिजेन तपासणीला पाठवता येईल का?